आत्तीचं बँक स्टेटमेंट



जुलैच्या सुरुवातीला जयसिंगपूरच्या आत्तीने मला व्हॉट्सअॅपवर एक पीडीएफ पाठवली. खाली एका ओळीत ती उघडायचा पासवर्ड, बस्स. 'बघ गं' नाही, 'हे काय आहे' नाही. उघडून पाहिलं तर तिच्या बचत खात्याचं जानेवारी ते जून २०२५ असं सहा महिन्यांचं स्टेटमेंट होतं, अकरा पानांचं.

घरात हिशेब बघणारी मी, म्हणून असले कागद माझ्याकडे येत असतात. आमच्या बायकांचं एक असतं, पैशाबद्दल सरळ विचारायला जीभ रेटत नाही. कागद पुढे सरकवायचा आणि समोरची काय म्हणते ते बघायचं. अशा वेळी 'आत्ती, तुझा खर्च फार होतो गं' असं काही पटकन म्हणणं सोपं असतं, पण ते मत झालं. प्रश्नच माहीत नसताना मत कशावर द्यायचं? म्हणून माझा शिरस्ता असा की आधी कागद वाचायचा. दर महिन्याला काय कापलं जातं, दोनदा काय गेलं, आणि बँकेने स्वतःसाठी काय घेतलं, या तीन गोष्टी शोधायच्या. त्या सापडेपर्यंत फोन करायचा नाही.

पासबुकापेक्षा स्टेटमेंट केव्हाही बरं. पासबुकात जागा कमी, म्हणून छापताना तपशील तोडलेला असतो. स्टेटमेंटात प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक असतो आणि पुढचं सगळं त्याच्यावरच चालतं. मी अकराही पानं छापून घेतली आणि आधी एवढंच पाहिलं की प्रत्येक पानाची शेवटची शिल्लक आणि पुढच्या पानाची पहिली शिल्लक जुळते का. जुळली, म्हणजे मधलं पान गळालेलं नाही. (तुम्हीही असा कागद कोणाला पाठवलात तर एकाच विश्वासाच्या माणसाला पाठवा, महिला मंडळाच्या ग्रुपवर नको. खाते क्रमांक, पत्ता, सगळं असतं त्यात.)

मग हिरवी पेन्सिल घेऊन ठरावीक अंतराने येणाऱ्या रकमांवर खुणा केल्या. चार निघाल्या.

दर महिन्याच्या १५ तारखेला १,००० रुपये. ही आत्तीची आवर्ती ठेव, पैसा तिच्याच एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातो. त्याला खर्च म्हणायचं नाही.

५ तारखेला ५०१ रुपये. हे पांजरपोळासाठी. काकांनी निवृत्तीनंतर बँकेत अर्ज भरून दिला होता आणि काका गेल्यावर आत्तीने तो आपल्या नावाने पुढे चालू ठेवला. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मग एकदम जून. मे नाही. त्या मोकळ्या जागेवर मी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. नेहमीची कपात शोधताना आपण काय गेलं तेवढंच बघतो. काय जायला हवं होतं आणि गेलं नाही, तेही बघावं लागतं.

तिसरी, दर महिन्याच्या २५ तारखेला १९९ रुपये. समोर कसलंसं इंग्रजी नाव होतं, त्यावरून काही बोध होईना. मग मागे मागे गेले तर १८ जानेवारीला त्याच नावाने फक्त ५ रुपये गेलेले दिसले. ही जोडी ओळखून ठेवण्यासारखी आहे. आधी एक, दोन किंवा पाच रुपये, आणि आठवड्याभराने मोठी रक्कम, ती मग दर महिन्याला. मोबाइलवरच्या एखाद्या अॅपने 'पाच रुपयांत सात दिवस वापरून बघा' म्हणून बोलावलेलं असतं. ते पाच रुपये देताना आपण यूपीआयचा पिन टाकतो, आणि त्याच पिनने पुढच्या दरमहा कपातीलाही संमती जाते. पंधरा हजारांपर्यंतच्या अशा कपातीला नंतर पुन्हा पिन लागत नाही. पैसे कापण्याआधी चोवीस तास सूचना यायला हवी असा नियम आहे आणि ती येतेही, पण जाहिरातींच्या मेसेजमध्ये ती कोण वाचतं? सहा महिन्यांत १,१९४ रुपये गेले होते, वर ते पाच.

चौथी कपात मेच्या शेवटी एकदाच, २० रुपये. ती दर महिन्याची नसून वर्षाची आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता. वय सत्तर होईपर्यंत अपघाती मृत्यूला दोन लाखांचं संरक्षण मिळतं, आणि आत्तीला आता अडुसष्ट चालू आहे.

हिरवी पेन्सिल ठेवून लाल घेतली, दोनदा गेलेल्या रकमा शोधायला. इथे घाई केली की हमखास चुकतं, कारण एकच रक्कम एका दिवसात दोनदा दिसली म्हणजे ती चुकून दोनदा गेली असं नसतं. सकाळी तीस रुपयांचं दूध आणि संध्याकाळी पुन्हा तीस रुपयांचं दूध, हे दोन खरे व्यवहार आहेत. १४ मार्चला वाण्याला ८६० रुपये दोनदा गेलेले होते. मी लाल खूण केली आणि पुढच्या ओळी वाचत गेले. १५ तारखेला जमेच्या बाजूला ८६० परत आलेले दिसले. पहिला व्यवहार अडकला होता, आत्तीने दुसऱ्यांदा पैसे दिले आणि अडकलेले बँकेने परत केले. खूण पुसली. म्हणून दोनदा गेलेली रक्कम दिसली की नंतरच्या आठवडाभराच्या जमा नोंदी वाचल्याशिवाय काही बोलायचं नाही.

आणि परत आलेले नसतील तर? तर संदर्भ क्रमांक बघायचे. यूपीआयचा आणि एटीएमचा हा क्रमांक बारा आकडी असतो. दोन्ही ओळींत क्रमांक एकच असेल तर एकच व्यवहार बँकेने दोनदा लिहिला, चूक बँकेच्या वहीत आहे. क्रमांक वेगवेगळे असतील तर व्यवहार दोन झाले, पैसे दोनदा निघाले. मग दुसऱ्यांदा निघालेले पैसे कुठे पोचले, एवढाच प्रश्न उरतो. दुकानदाराकडे पोचले असतील तर त्याच्याकडे मागायचे, तिथे बँकेशी भांडून काही हाती लागत नाही.

तिसऱ्या पानावर ९ एप्रिलला, महावीर जयंतीच्या आदल्या दिवशी, या दोन ओळी होत्या:

```
09-04-25  ATM WDL   5,000.00
09-04-25  ATM WDL   5,000.00
```

दोन्हींचे संदर्भ क्रमांक वेगळे. पुढे पाच दिवस बघितलं, पंधरा दिवस बघितलं, जूनअखेरपर्यंत बघितलं. पाच हजार कुठेच परत आलेले नाहीत. आत्ती एका वेळी पाचशे काढणारी बाई, सहा महिन्यांत एवढी मोठी रक्कम तिने या एकाच दिवशी काढलेली, तीही दोनदा. लाल खूण ठेवली. पण खूणच ठेवली, अर्थ लावला नाही. दहा हजारांची गरजही असू शकते. खात्यातून पैसे निघाले एवढं स्टेटमेंट सांगतं, ते यंत्रातून बाहेर आले का आणि कोणाच्या हातात गेले हे त्यात लिहिलेलं नसतं.

शेवटी निळी पेन्सिल, बँकेने घेतलेल्या पैशांसाठी. इथे तुम्हाला माझी एक युक्ती सांगते. बँकेच्या सेवाशुल्कावर अठरा टक्के जीएसटी लागतो. त्यामुळे जी रक्कम कशाची ते कळत नाही, तिला मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर १.१८ ने भागायचं. उत्तर पूर्ण रुपयात आलं तर ते बहुतेक बँकेचं शुल्क असतं. १७.७० ला भागलं की १५ येतात, हे तिमाहीचे मेसेजचे पैसे, मार्च आणि जूनमध्ये एकेकदा. २३६ ला भागलं की २००, हे एटीएम कार्डाचं वर्षाचं शुल्क. मघाचे २० रुपये भागून बघा, १६ रुपये ९५ पैसे येतात. म्हणजे ते शुल्क नाही, विम्याचा हप्ताच.

मग २४.७८ नावाची एक विचित्र रक्कम पुन्हा पुन्हा येत होती, एप्रिलपर्यंत नऊ वेळा. भागलं तर २१. मेपासून तिच्या जागी २७.१४ दिसायला लागली, जूनअखेरपर्यंत चार वेळा. भागलं तर २३. इथे उलगडा झाला. मोफत वेळा संपल्यावर एटीएम वापरलं तर बँका दर वेळी जास्तीत जास्त २१ रुपये घेऊ शकत होत्या, आणि १ मे २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने ती मर्यादा २३ केली. महानगरांबाहेर दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर महिन्याला पाच वेळा मोफत मिळतात, आणि नुसती शिल्लक बघितली तरी ती एक वेळ धरली जाते. आत्तीच्या बँकेचं यंत्र लांब, स्टँडच्या बाजूला. गल्लीच्या तोंडावर आहे ते दुसऱ्या बँकेचं. आत्ती आधी शिल्लक बघणार, मग पाचशे काढणार, चार दिवसांनी पुन्हा पाचशे. घरात जास्त रोकड नको म्हणून हा सगळा उपद्व्याप. तेरा वेळा मिळून ३३१ रुपये ५८ पैसे.

दोन निळ्या खुणा राहिल्या. जूनमध्ये ११८ रुपये, समोर नुसतं `MISC CHG`. भागून १०० येतात, म्हणजे शुल्क आहे, पण कशाचं ते लिहिलेलं नाही. आणि ५ मेला २९५, समोर `NACH RTN CHG`. म्हणजे अडीचशे अधिक जीएसटी. ठरलेली कपात करायला गेले आणि खात्यात तेवढे पैसे नव्हते, की हा दंड बसतो. माझं मेच्या मोकळ्या जागेवरचं प्रश्नचिन्ह इथे सुटलं. पांजरपोळाचे ५०१ त्या दिवशी मागायला आले तेव्हा शिल्लक होती ३१२ रुपये. ५०१ गेले नाहीत, आणि ते गेले नाहीत म्हणून २९५ गेले. खात्यावर उरले सतरा रुपये. काकांची पेन्शन शिक्षकाची, आता आत्तीला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळतं. ते कधी ३ तारखेला येतं, कधी १० तारखेला. मेमध्ये ९ तारखेला आलं.

लाल आणि निळी खूण मी शेजारी ठेवून पाहिली. ९ एप्रिलचे दुसरे पाच हजार गेले नसते तर ५ मेला शिल्लक ३१२ नसती, ५,३१२ असती. पांजरपोळाचे पैसेही गेले असते आणि दंडही बसला नसता.

बँकेने सहा महिन्यांत आत्तीकडून घेतलेलं सगळं मिळून १,०१५ रुपये ९८ पैसे झाले. मी हे सगळं एका वहीच्या पानावर मराठीत लिहिलं आणि मगच फोन लावला.

फोनवर मी वाचून दाखवलं, हिरवं, लाल, निळं, याच क्रमाने. आत्ती नुसती 'हं, हं' करत होती. भजनाच्या अॅपचं आलं तेव्हा म्हणाली, "अगं, ते तर मी पाच रुपयांना घेतलं होतं." एटीएमच्या तेवीस रुपयांवर तर तिचा विश्वासच बसेना. ९ एप्रिलवर आले तेव्हा मात्र पलीकडून आवाज बंद झाला.

"आत्ती, त्या दिवशी दहा हजार काढले होतेस का?"

"मी कुठली काढते. पाय दुखत होता. कार्ड दिलं होतं सूनबाईकडे. महाप्रसादाला आपले पाच हजार द्यायचे होते, तेवढेच आणायला सांगितले." थोडं थांबून म्हणाली, "तिने पाचच आणून दिले."

तेव्हा मला कळलं की अकरा पानांच्या मागचा प्रश्न हा होता. आत्तीने एप्रिलमध्ये पासबुक भरून आणलं होतं, तेव्हाच तिला दोन ओळी दिसल्या होत्या. तीन महिने ती एकाच घरात त्या सुनेच्या हातचा चहा पीत होती आणि मनात हे होतं. मुलाला सांगितलं नाही, सुनेला विचारलं नाही. आपल्याकडे कोणावर चोरीचा आळ घेणं केवढं वाटतं ते तुम्हाला सांगायला नको, आणि मनातल्या मनात घेतलेला आळ तर मोडताही येत नाही. बरं, मी पहिल्याच दिवशी पुढचं काही न वाचता 'अय्या, दहा हजार कोणी काढले गं?' असं विचारून बसले असते, तर तो आळ माझ्या तोंडून पक्का झाला असता.

मी विचारलं, "वहिनी त्या दिवशी आल्यावर काही म्हणाली होती का? आठवून सांग, तू काय समजलीस ते नको, ती काय म्हणाली ते."

"म्हणाली होती, मशीन बिघडलंय, दुसऱ्यांदा टाकावं लागलं. मला वाटलं, वेळ लागला म्हणून सांगतेय."

"मोबाइलमध्ये त्या दिवसाचे बँकेचे मेसेज आहेत का बघ."

होते. आत्ती मेसेज पुसत नाही, ही फार चांगली सवय. पहिला अकरा बेचाळीसचा, दुसरा अकरा पंचेचाळीसचा. मध्ये तीन मिनिटं.

आता हे कसं चालतं ते नीट सांगते. यंत्र आधी बँकेला विचारतं, बँक खात्यातून रक्कम वजा करून हो म्हणते, आणि मग यंत्र नोटा मोजून बाहेर ढकलतं. नोटा अडकल्या, वीज गेली किंवा मधेच जोडणी तुटली, तर खात्यातून वजा झालेलं असतं आणि हातात काही आलेलं नसतं. यंत्राने बँकेला तसं कळवलं तर पैसे आपोआप परत येतात. ते कळवणंच पोचलं नाही तर रक्कम तशीच लटकून राहते. पण यंत्राच्या आत प्रत्येक व्यवहाराची नोंद होत असते, किती नोटा मोजल्या आणि बाहेर गेल्या की नाही याची. आणि यंत्रात रोकड भरणारे येतात तेव्हा आतली रोकड मोजून हिशेब जुळवतात. नोटा बाहेर आल्या नसतील तर त्या दिवशी यंत्रात पाच हजार जास्त निघायला हवेत. म्हणजे वहिनी खरं बोलली की नाही हे ना मी ठरवायचं, ना आत्तीने. ते यंत्राच्या पोटात लिहिलेलं आहे, बँकेने उघडून बघायचं.

यंत्र दुसऱ्या बँकेचं असलं तरी तक्रार कार्ड देणाऱ्या आपल्या बँकेकडेच करायची. सोमवारी, ७ जुलैला, आत्ती स्वतः शाखेत गेली. अर्ज मी लिहून दिला होता, एका पानाचा. तारीख, यंत्र कुठलं, दोन्ही संदर्भ क्रमांक, दोन्ही मेसेजच्या वेळा, पहिल्या वेळी रोकड आली नाही आणि दुसऱ्या वेळी आली हे एका वाक्यात, आणि मागणी: यंत्राची नोंद आणि रोकड-ताळा तपासून रक्कम परत करावी. रागाचं एकही वाक्य नाही. खाली दोन ओळी ११८ आणि २९५ साठी. तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय उठायचं नाही असं बजावलं होतं. आत्ती अर्धा तास बसून राहिली आणि घेऊनच आली.

अर्जात आणखी एक मागणी होती. रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. एटीएममधून रोकड न येता खात्यातून पैसे गेले तर ते व्यवहारानंतर पाच दिवसांत परत यायला हवेत, आणि त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची, तीही ग्राहकाने तक्रार करायची वाट न बघता. अडकलेल्या यूपीआय व्यवहारांनाही ठरलेली मुदत आणि शंभर रुपये रोज आहेत. आत्तीचे पाच दिवस १४ एप्रिलला संपले होते.

१८ जुलैला आत्तीच्या खात्यात पाच हजार जमा झाले. सोबत ११८ सुद्धा, कशाचे होते ते न सांगताच. रोकड-ताळ्यात त्या यंत्रात पाच हजार जास्त निघाले होते, असं शाखेतल्या बाईंनी तोंडी सांगितलं.

आत्तीने त्या संध्याकाळी वहिनीला काय सांगितलं ते मला नेमकं माहीत नाही. मला एवढंच कळलं की ती भाद्रपदातल्या क्षमावाणीपर्यंत थांबली नाही. वहिनीचा फोन आला होता. मला म्हणाली, "ताई, मला माहीतच नव्हतं की पैसे दोनदा गेलेत. सांगितलं असतं तर दुसऱ्याच दिवशी बँकेत गेले असते." खरंच आहे ते. दुसऱ्या दिवशी गेलं असतं तर त्या यंत्राची नोंद ताजी, सगळंच सोपं. नोंदी आणि कॅमेऱ्याचं चित्रण बँका कायम ठेवत नाहीत, म्हणून रोकड आली नाही तर तिथेच यंत्राचा क्रमांक आणि वेळ टिपून ठेवायची आणि त्याच आठवड्यात तक्रार करायची.

बाकीच्या गोष्टींवर मत द्यायची वेळ आता आली होती, आणि ती मतं फार मोठी नव्हती. अॅपचे पैसे बंद केले. अॅप मोबाइलमधून काढून टाकलं की कपात थांबते असा पुष्कळांचा समज आहे, पण ती थांबत नाही. ज्या यूपीआय अॅपमधून संमती दिली त्यात `Autopay` नावाची जागा असते, तिथे त्या नावासमोर रद्द करून पिन टाकावा लागतो. मी व्हिडिओ कॉलवर सांगत गेले आणि आत्तीने स्वतः केलं. गेलेले १,१९४ परत मागितले नाहीत. सहा महिने रोज सकाळी भजनं ऐकली होती तिने. एटीएमचं असं ठरलं की पेन्शन आली की वहिनी स्टँडजवळच्या आपल्या बँकेच्या यंत्रातून एकदाच तीन हजार आणून देईल. तिथे महिन्याला पाच वेळा मोफत आहेतच. शिल्लक बँकेच्या नंबरवर मिस्ड कॉल देऊन कळते, त्यासाठी यंत्रापर्यंत चालायला नको. पांजरपोळाची तारीख ५ वरून १५ करायला नवीन संमतीपत्र भरून दिलं, कारण पेन्शन १० च्या पुढे जात नाही. आवर्ती ठेव आणि विमा तसेच ठेवले.

भरपाईबद्दल बँकेने पहिल्या उत्तरात एक शब्द काढला नव्हता, २९५ बद्दलही नाही. १५ एप्रिल ते १८ जुलै असे पंच्याण्णव दिवस होतात, म्हणजे ९,५०० रुपये. अर्धवट उत्तर मिळालं की सरळ रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तरी आत्ती म्हणाली, एक पत्र अजून देऊ, शाखेतली माणसं चांगली आहेत. २१ जुलैला दुसरं पत्र दिलं. त्यात दिवस मोजून लिहिले, आणि ५ मेचा दंड त्याच अडकलेल्या पाच हजारांमुळे बसला हे शिल्लक दाखवून लिहिलं. पैसे मिळतीलच असं मी तिला सांगितलेलं नाही. तीस दिवस २० ऑगस्टला पूर्ण होतात. तोवर समाधान झालं नाही तर लोकपालाची तक्रार `cms.rbi.org.in` वर घरबसल्या करता येते, त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. दोन्ही अर्जांच्या पोचपावत्या आणि ती अकरा पानं एका फायलीत लावून ठेवली आहेत.

मे महिन्याचे राहिलेले ५०१ आत्तीने पांजरपोळात स्वतः जाऊन भरले. पावती काकांच्या नावाने करून घेतली.